'तुम्ही ठरवाल ते' म्हणजे होकार नव्हे



आपल्या बायकांना न बोललेला नकार कळत नाही, असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही. जिने आयुष्यात एकदा तरी चौका लावलाय, तिला तो कळतो. महाराज उभ्याने करपात्रात आहार घेत असतात, मौन असतं, एक शब्द बोलत नाहीत. आपण दुधाचं भांडं पुढे करतो आणि त्यांनी अंजली जराशी आवरली की शेजारी उभी असलेली सोळा वर्षांची मुलगीसुद्धा आपला हात धरते, "काकू, दूध नको म्हणतायत." आज मीठ घेत नाहीत, तूप घेत नाहीत, हे दोन घासांत सगळ्यांना उमगतं. आपण दोनदा विनंती करतो, पण नको असलेलं ओतत नाही.

त्याच्याही आधी पडगाहन आठवा. महाराजांनी मनात काय विधी धरलाय हे कुणाला ठाऊक नसतं. आपण कलश घेऊन उभ्या राहतो, मग श्रीफळ घेतो, मग यजमानांना हाक मारून जोडीने उभ्या राहतो. तरी विधी मिळाला नाही आणि महाराज पुढे निघून गेले तर डोळ्यांत पाणी येतं, पण राग येत नाही. "त्यांनी तोंडाने कुठे नाही म्हटलं, म्हणजे यायचंच असणार" असं म्हणून आजवर कुणी महाराजांची वाट अडवल्याचं मी ऐकलेलं नाही.

म्हणजे डोळा आपल्याकडे आहे. तो कुठे उघडायचा आणि कुठे मिटायचा हे आपण ठरवतो. आणि तो सगळ्यात घट्ट मिटला जातो मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात, आपल्याच मुलीच्या बाबतीत. आज मला त्यावर भांडायचं आहे.

आपल्याकडे, म्हणजे सांगली, कोल्हापूर, जयसिंगपूर, बेळगाव या पट्ट्यात, स्थळं बघताना सहसा कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. "घरात चर्चा करून कळवतो." "पत्रिका दाखवून घेतो." "मुलाच्या आत्यांना विचारावं लागेल." "मुलाचा अजून वर्षभर विचार नाही." यांतलं एकही वाक्य नकाराचं नाही, आणि तरी यांतलं प्रत्येक वाक्य आपण बरोबर ओळखतो. माझ्या सासूबाई तर वाक्याची वाटही बघायच्या नाहीत. त्यांचा हिशोब दिवसांचा होता. होकार असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप येतो, तोही मुलाच्या वडिलांकडून. चौथा दिवस उजाडला की त्या पत्रिका परत मागवायला सांगत. आठवड्याने मध्यस्थांचा फोन आला, आणि त्यांनी आधी हवापाणी, मग कुणाची तरी तब्येत विचारली, की आईच्या चेहऱ्यावरूनच घरातल्यांना कळायचं.

सासूबाई चौथी शिकलेल्या. पण त्यांनी जे टिपलं होतं तेच भाषेचे अभ्यासकही सांगतात. माणसं बोलतात कशी, याच्या ध्वनिमुद्रणांवरून त्यांनी दाखवलंय की होकार चटकन येतो, थोडक्यात येतो आणि त्याला कारण जोडावं लागत नाही. नकार मात्र थांबून येतो. आधी 'अं', 'तसं नाही, पण' येतं, मग काहीतरी कौतुक येतं, मग कारण येतं, आणि 'नाही' हा शब्द बहुतेक वेळा येतच नाही. ऐकणाऱ्याला त्या थांबण्यातच कळून जातं. तुम्ही शेजारणीला विचारा, "उद्या माझ्याबरोबर बस्तीत येतेस का?" ती लगेच "हो, किती वाजता?" म्हणाली तर ती येणार. ती क्षणभर थांबून "उद्या का?" म्हणाली, तर पुढचं वाक्य ऐकायची गरजही उरत नाही.

मग हीच रीत मुलीने वापरली की आपल्याला का कळत नाही?

एक प्रसंग सांगते. मुलीला विचारूनच लिहितेय, आणि ओळखू येणार नाहीत इतपत खुणा बदलल्यात. मुलगी नात्यातलीच, सत्तावीस वर्षांची, पुण्यात बँकेत नोकरीला. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता कार्यक्रम झाला. मुलाकडचे नऊ जण आले. घर चांगलं, स्वतःचा कारखाना, मुलगा निर्व्यसनी. दोघांना गच्चीवर पंधरा मिनिटं बोलायला दिली, त्यांतली पाच तिच्या धाकट्या भावाने खुर्च्या नेण्यात घालवली. मंडळी गेल्यावर संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई, आत्या आणि काकू समोर असताना, तिच्या अण्णांनी विचारलं, "पसंत आहे ना?"

ती म्हणाली, "घरची माणसं चांगली आहेत."

आईने विचारलं, "मग हो म्हणू?" ती म्हणाली, "तुम्ही बघा." अण्णा म्हणाले, "तुम्ही बघा काय, संसार तुला करायचाय." त्यावर ती म्हणाली, "आजच कळवायला पाहिजे का?" आत्या हसल्या, म्हणाल्या, "लाजतेय गं." रात्री नऊ वाजता मुलाकडे फोन गेला, आमच्याकडून पसंती आहे.

सोमवारी ती पुण्याला गेली आणि बुधवारी तिने आईला फोन केला, "मार्च झाल्यावर ठरवलं तर चालेल का? बँकेत वर्षअखेर असते." आई म्हणाली, साखरपुडा फेब्रुवारीच्या शेवटी करू, लग्न मेमध्ये, तुझा मार्च मोकळा. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "अजून एकदा भेटू दे ना त्यांना." उत्तर मिळालं, पसंती कळवून झाली, आता भेट साखरपुड्यात. मुलगा फोन करायचा, ती तीनांतला एक उचलायची, आणि ऑफिसमध्ये रेंज नसते म्हणून सांगायची. साखरपुड्याची साडी घ्यायला गेले तेव्हा दुकानात तिच्यापुढे साड्यांचा ढीग पडला आणि ती म्हणाली, "कुठलीही चालेल." ज्या मुलीने दहावीच्या निरोप समारंभाची साडी तीन दुकानं फिरून घेतली होती, ती म्हणाली कुठलीही चालेल.

साखरपुड्याला नऊ दिवस उरले असताना तिने मामेबहिणीला स्पष्ट सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही, मला त्या मुलाशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. मग जे व्हायचं ते झालं. हॉलचे पैसे गेले, मध्यस्थांनी बोलणं टाकलं, मुलाच्या आईने फोनवर रडून विचारलं की आमच्या मुलात काय कमी होतं. आणि घरात, बस्तीत, भिशीत एकच वाक्य फिरलं, "एवढे दिवस तोंडात काय होतं?"

मोजा आता. "घरची माणसं चांगली आहेत" हा पहिला नकार. प्रश्न मुलाबद्दल होता आणि उत्तर घराबद्दल आलं. विचारलेल्या गोष्टीशेजारच्या दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक करणं ही आपल्याकडची नकाराची सर्वांत जुनी रीत आहे. भाजी कशी झालीय विचारल्यावर कुणी भाकरी छान झालीय म्हणालं तर आपण काय समजतो? "तुम्ही बघा" हा दुसरा, "आजच कळवायला पाहिजे का" हा तिसरा. मार्च हा चौथा, पुन्हा भेटू दे हा पाचवा, न उचललेले फोन हा सहावा, साडी हा सातवा. सात वेळा त्या पोरीने अंजली आवरली आणि सातही वेळा आपण वरून ओतलं.

आता 'कळलंच नाही' या बचावाचं बघू. साड्या परत करायच्या दिवशी मी तिच्या आईजवळ बसले होते. ती माउली म्हणाली, "मला कळत होतं हो, पण वाटलं, होईल सवय." मला त्या बाईचा राग येत नाही, तिने स्वतः तशीच सवय करून घेतलेली आहे. पण तिचं वाक्य नीट ऐका. कळत होतं. आत्यांनाही कळत होतं, म्हणून तर त्यांनी हसून 'लाजतेय' म्हटलं. ज्याला अर्थ लावायची गरजच वाटत नाही तो माणूस अर्थ सांगत बसत नाही. गैरसमज झाला असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा समज झालेला असतो, आणि तो गैरसोयीचा असतो.

१९९९ मध्ये इंग्लंडमधल्या सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोन अभ्यासक बायकांनी याच मुद्द्यावर एक लेख लिहिला. विषय आपल्यापेक्षा जास्त नाजूक होता, नको असलेल्या जवळिकीला तरुण मुली नकार कसा देतात हा. तिकडेही मुलींना शिकवलं जात होतं की स्पष्ट 'नाही' म्हणा, नाहीतर समोरच्याला कळणार कसं. या दोघींनी मुलींना बोलतं केलं आणि दाखवलं की साध्या रोजच्या गोष्टीतही, चहाला नाही म्हणताना किंवा कुठे यायला नाही म्हणताना, कुणीच नुसतं 'नाही' म्हणत नाही. सगळे थांबून, आडवळणाने, कारण देऊन म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं. मग ठरावीक ठिकाणीच ठरावीक माणसांना ते कळत नाही, असं कसं होईल? मुलींना बोलायला शिकवण्याआधी ऐकणाऱ्यांचा बहाणा बंद करा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. हे वाचताना मला तिकडचं काही वाचतेय असं वाटलंच नाही.

मुलीला स्पष्ट बोलायला शिकवू नका असं मी म्हणत नाही. जरूर शिकवा. पण सत्तावीस वर्षं आपण तिला काय शिकवलं तेही आठवा. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही, पाहुण्यांसमोर नाही म्हणायचं नाही, हित-मित-प्रिय बोलायचं, म्हणजे हिताचं, मोजकं आणि गोड. तिने आपलंच शिकवलेलं व्याकरण वापरलं, आणि नेमक्या त्या एका संध्याकाळी आपण म्हणालो की आम्हाला हे व्याकरण येत नाही.

मी कोल्हापुरात बी.कॉम. केलं तेव्हा मर्कंटाइल लॉ हा विषय होता, आणि त्यात एका घोड्याचा खटला होता. तुमच्यापैकी ज्या कॉमर्सच्या असतील त्यांना आठवेल, फेल्टहाऊस विरुद्ध बिंडले, १८६२. काकाला पुतण्याचा घोडा घ्यायचा होता. काकाने पत्र पाठवलं की तुझ्याकडून काही उलट कळलं नाही तर ३० पौंड १५ शिलिंगला घोडा माझा झाला असं मी धरून चालेन. पुतण्याने उत्तर दिलं नाही. त्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता, लिलाववाल्याला तसं त्याने सांगूनही ठेवलं होतं, पण लिलाववाल्याने चुकून तो विकला. काकाने दावा लावला आणि हरला. कोर्ट म्हणालं, तू समोरच्यावर उत्तर द्यायची सक्ती करू शकत नाहीस, आणि तो गप्प बसला म्हणून सौदा झाला असं म्हणू शकत नाहीस. मनात होकार होता तरीसुद्धा! आपला १८७२ चा करार कायदाही हेच सांगतो की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा, आणि संमती म्हणजे दोघांना एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य असणं.

लग्न हा सौदा नाही, संस्कार आहे, असं कुणी म्हणेल. मला मान्य आहे. पण मग त्याला घोड्याच्या सौद्यापेक्षा जास्त संमती लागायला हवी की कमी? आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली असेल तर ते लग्न कोर्टाकडून रद्द करून घेता येतं, एवढी किंमत कायद्याने संमतीला दिली आहे. स्वयंपाकघरातल्या 'तुम्ही बघा'वर फोन करताना आपण ती कितपत देतो?

आता धर्माकडे येते, कारण या प्रसंगात धर्माचं नाव दोन्ही बाजूंनी घेतलं गेलं. एक काकू म्हणाल्या, मुलीने सत्याणुव्रत मोडलं, मनात एक आणि तोंडात एक. मला हे पटत नाही. तत्त्वार्थसूत्रात असत्याची व्याख्या आहे आणि तिच्या मुळाशी प्रमाद आहे, म्हणजे कषायाने, बेसावधपणाने बोलणं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी श्रावकाचं सत्य सांगताना स्थूल खोटं बोलू नये असं सांगितलंच, शिवाय दुसऱ्यावर संकट आणणारं खरंही बोलू नये असं सांगितलं. त्या मुलीने मुलाची निंदा केली नाही, खोटा होकार दिला नाही, घरातल्या कुणाला दुखावलं नाही. मला तर तिच्या भाषेत संयम दिसतो. प्रमाद कुठे असेल तर तो फोन लावणाऱ्या हातात होता. 'आमच्याकडून पसंती आहे' हे त्या दिवशीचं एकमेव असत्य वाक्य, आणि ते मुलीचं नव्हतं. हा अर्थ माझा आहे, कुणा पंडितजींच्या माथी मारू नका.

लग्न मोडल्यावर जे झालं त्याला तर शास्त्रात नावच आहे. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत साकारमंत्रभेद येतो. दुसऱ्याच्या हावभावावरून, भुवईच्या हालचालीवरून त्याच्या मनातलं ओळखायचं आणि ते जगभर करायचं, त्याला हे नाव. बघा, आचार्यांनी गृहीतच धरलंय की माणूस चेहऱ्यावरून मन वाचतो. दोष वाचण्याचा नाही, वाचलेलं वापरण्याचा आहे. आमच्याकडे नेमकं उलट घडलं. जिथे वाचून थांबायचं होतं तिथे कुणी वाचलं नाही. आणि जिथे गप्प राहायचं होतं तिथे सगळ्या वाचायला बसल्या, "दुसरं कुणीतरी असणार पुण्यात." तसं कुणीही नव्हतं. तिला तो मुलगा आवडला नव्हता, एवढंच. पण नावडणं हे आपल्याकडे मुलीसाठी पुरेसं कारण धरत नाहीत, मग दुसरं शोधावं लागतं.

यावर रास्त शंका अशी येईल की काही मुली खरोखर लाजतात, आणि 'तुम्ही ठरवाल ते'चा अर्थ खरंच तोच असतो, तुमच्यावर विश्वास आहे. असतो की! माझ्या धाकट्या नणंदेने असंच म्हटलं होतं आणि पस्तीस वर्षं झाली, दोघं एकमेकांशिवाय चहा घेत नाहीत. म्हणूनच मी वर घोड्याचा खटला सांगितला. मौनात होकारही असू शकतो, नकारही असू शकतो, आणि म्हणून मौनावर फोन करायचा नसतो. खुणा दिसल्या म्हणून तुम्ही मुलीच्या वतीने नकारही ठरवून टाकू नका, ती दुसरी जबरदस्ती. खुणांचं काम एवढंच, की पुन्हा विचारायला हवं हे आपल्याला सांगणं.

खुणा वेगळ्या ओळखायला मला एक गोष्ट उपयोगी पडते. लाजणारी मुलगी कमी बोलते, पण जे विचारते ते पुढचं विचारते. ते पुण्यात बदली घेतील का, त्यांच्या आईला गुडघ्याचा त्रास आहे का, तिकडे बस्ती जवळ आहे का. नको असलेली मुलगी वेळ मागते. आत्ताच का, मार्चनंतर का नको, अजून एकदा भेटू दे. पहिलीची नजर त्या घरात शिरलेली असते, दुसरी दारातच उभी असते. दर वेळी असंच असेल असं नाही, पण वेळ मागितली गेली की फोन खाली ठेवावा हे नक्की.

आणि विचारायचं कसं, यात आपण सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. "पसंत आहे ना?" हा प्रश्नच नाही. त्या 'ना'मध्ये उत्तर भरून दिलेलं आहे, मुलीने फक्त मान हलवायची. "काही प्रॉब्लेम नाही ना?" हा त्याहून वाईट, कारण तिथे नापसंतीचं नाव प्रॉब्लेम ठेवलंय. चार मोठ्यांच्या समोर विचारू नये. त्याच दिवशी विचारू नये, पोह्यांची भांडी अजून धुवायची असतात आणि घरभर आशा पसरलेली असते. आईने विचारलं तर आईचा चेहरा वाचून मुलगी उत्तर देते, ती आपल्याहून जास्त वाचते. म्हणून जिचं त्या लग्नात काही अडलेलं नाही अशी मावशी, वहिनी, मोठी मामेबहीण असेल तिने विचारावं, दोघीच असताना, एक रात्र गेल्यावर. आणि नकाराचा रस्ता आधी झाडून ठेवून विचारावं. "हे बघ, नको असेल तर मी अण्णांना सांगते, तुझं नाव पुढे येणार नाही. हवं असेल तर काय आवडलं ते सांग." यातल्या दुसऱ्या अर्ध्यावर लक्ष ठेवा. ज्या मुलीला खरंच आवडलेलं असतं ती काहीतरी सांगते, भले 'हसतात बरं' एवढंच का असेना. जिला नको असतं ती पुन्हा घराकडे वळते, कारखान्याकडे वळते.

मुलांनाही हेच लागू आहे, हे जाता जाता सांगते. त्यांचे 'बघू', 'करिअर सेट होऊ दे' आपण नकार म्हणून मुकाट मान्य करतो, वर्षानुवर्षं करतो. या प्रसंगातल्या मुलावरही अन्यायच झाला. तीनांतला एक फोन उचलला जातो हे त्याला दिसत होतं, पण त्याच्या घरी तर 'पसंती आहे' असा निरोप होता. त्याने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की मोठ्यांच्या शब्दावर?

राहिला नकार पुढे कळवण्याचा भाग. इथे मात्र मी आडवळणाच्या विरुद्ध आहे, तेही व्यवहाराच्या कारणाने. घरात, मुलगी आणि आपण यांच्यात, ऐकणाऱ्याने कष्ट घ्यायचे, कारण बोलणारी लहान आहे आणि ऐकणाऱ्याच्या हातात सगळं आहे. दोन घरांच्यात तसं नसतं. तिथे दोन्हीकडे मोठी माणसं असतात आणि तिथे खोटं कारण दिलं की ते कारण दुरुस्त होऊन परत येतं. पत्रिका जुळत नाही म्हणावं तर ते दुसऱ्या ज्योतिषाचं टिपण घेऊन येतात. मुलीला अजून शिकायचंय म्हणावं तर म्हणतात आम्ही शिकवू, थांबतो वर्षभर. मग वर्षभर एक कुटुंब तुमच्यासाठी दुसरी स्थळं सोडून बसतं, आणि ते पाप तुमच्या गोड बोलण्याचं. जे कारण समोरच्याला काढून टाकता येतं ते देऊच नये.

म्हणून निरोप दोन दिवसांत जावा, मध्यस्थांमार्फत गेला तरी घरातल्या मोठ्या माणसाचा स्वतःचा एक फोन जावा, आणि त्यात कारण नसावं. एवढं पुरतं: "आमच्या बाजूने पुढे जायचं नाही असं ठरलंय. तुमच्या घरात, मुलात काही कमी आहे म्हणून नव्हे. पत्रिका आणि फोटो उद्या पाठवते." समोरून 'का' असा प्रश्न येईलच. त्यावर "योग नाही" म्हणावं आणि थांबावं. त्यानंतरची शांतता जड असते, फोन कानाला धरून ती सोसावी लागते, आणि तेवढ्यात तोंडातून पत्रिकेचं नाव निसटू द्यायचं नाही. चातुर्मास संपला की पुन्हा कार्यक्रम सुरू होतील. तुमच्या घरी यंदा असेल, तर मुलीला कोण विचारणार आणि फोन कोण करणार, ही दोन नावं पोह्यांचा बेत ठरवायच्या आधी ठरवून ठेवा.